चकचकीत जाळ्या

बावन्नावं लागलं, गुडघे कुरकुरतात, तरी हॉटेलांच्या भट्ट्यांवरची धुराडी खरवडणं सुटलेलं नाही. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या झाशीतली. कुणी बँकेत, कुणी कचेरीत, आणि मी हा असा, तेलाने माखलेला.

सीपरी बाजारातल्या माझ्या नेहमीच्या एका हॉटेलात आधी मोरीची टाकी उपसली. भांड्यांच्या पाण्यातलं तूप-तेल गटारात जाण्याआधी तिथं अडतं. झाकण उचललं, तर वर जाड थर आणि कडेला झुरळंच झुरळं. शी! तो वास काही अजून अंगवळणी पडलेला नाही. मग भट्टीवरच्या हूडच्या, धुरातलं तेल अडवणाऱ्या जाळ्या काढायला गेलो, तर त्या चकचकीत.

"देखिए, कितना साफ़ रखते हैं," मालक खुशीत म्हणाला. मी एक जाळी बोटाने पुसून पाहिली. रोज तळण चालतं तिथली जाळी तेलकटच हवी. या कोऱ्या, म्हणजे वापरातच नव्हत्या. मी येणार म्हणून कुणीतरी आजच बसवलेल्या.

मालक गल्ल्यावर गेला तसं मी आचाऱ्याला गाठलं. साठीचा, टहरौली गावाकडचा माणूस.

"क्यों भैया, जलकर मरना है?"

"जाली लगाओ तो धुआँ मुँह पर आता है, भैया. आँखें फूट जाती हैं."

मी धूर वर नेणाऱ्या डक्टचं झाकण उघडलं. आत बोटभर तेल. वरच्या पंख्याची पाती तर लडबडून गेलेली, धूर ओढणार कोण? आणि जाळीच नाही म्हटल्यावर कढईतला भडका थेट त्या तेलात गेला असता. खाली हाच उभा असतो. रागही आला आणि कीवही. मग संध्याकाळपर्यंत मी डक्ट खरवडली, पाती धुतली, जाळ्या परत बसवल्या. धूर सरळ वर जायला लागला.

बादल्या भरून निघालेलं तेल मालकाने पाहिलं. "जाली थी, फिर इतना तेल ऊपर कैसे गया?"

आचाऱ्याचा हात झाऱ्यावरच थांबला. त्याची नोकरी गेली असती, या वयात त्याला कोण ठेवणार?

"मेरी ग़लती है," मी खोटंच म्हणालो. "पिछली बार ऊपर तक सफ़ाई नहीं की थी."

झालं. मालकाने मलाच हाकललं. घरी आलो, अंघोळ केली, जेवलोही नाही.

तीन महिन्यांनी आचाऱ्याचा फोन आला. नवीन माणूस बाहेरून हूड पुसतो, वर चढतच नाही. धूर पुन्हा तोंडावर.

"जाली निकाल दूँ, भैया?"

"बिलकुल नहीं! मालिक से कहो पंखा खुलवाए."

"कहा था. बोला, तंग मत करो, बहुत रसोइए मिलते हैं."

"तो छोड़ दो ये नौकरी!" मी ओरडलोच.

 तो हळूच म्हणाला, "वही, जो आपने बचाई थी?"