शेऱ्याचा रकाना

मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. कागद विस्कटलेले दिसले की माझं डोकं उठतं. त्यामुळं सांगलीतल्या विश्रामबागच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी चार महिन्यांत माझ्या लेकीबद्दल लिहून दिलेल्या अर्ध्या-अर्ध्या पानांची चळत पाहून मला लेकीपेक्षा चळतीचीच काळजी वाटली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

लेक साडेपाच वर्षांची. ‘क’ म्हणायला गेली की ‘त’ निघायचा आणि ‘ग’चा ‘द’ व्हायचा. घरात आम्हाला सगळं समजायचं. समजत नव्हतं ते तिच्या बापाला. तो फौजेत, लांब. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, लेक बोलायची आणि मी मधे बसून त्याला अर्थ सांगायची. ती दर वेळी एकच विचारायची, “पप्पा, तू तधी येनार?” त्याची रजा दोनदा हुकली होती. मग मी अर्थ सांगायची, “जेवलास का म्हणतेय.” तो म्हणायचा, “जेवलो, बाळा.” लेक माझ्याकडं बघायची. दुभाष्यानं इतपत काटछाट करायला हरकत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

पण हे किती दिवस चालणार? तिनं स्वतः बोलावं आणि त्याला ते समजावं, एवढ्यासाठी तर दर गुरुवारी मलकापूरहून सांगलीची एसटी धरायची.

एका सुट्टीत मी फाइल करायला घेतली. चार रंगांचे विभाजक घातले. पहिल्यात ध्येयं: तीन महिन्यांत शब्दात ‘क’, सहा महिन्यांत वाक्यात. दुसऱ्यात व्यायाम: पाण्याच्या गुळण्या, आरशासमोर जिभेचं टोक खाली ठेवून मागून आवाज काढणं. तिसऱ्यात घरचा सराव, रोजचा. चौथ्यात पायऱ्या: नुसता आवाज, मग का-की-कू, मग शब्द, मग दोन शब्द, मग वाक्य आणि शेवटी गप्पा. दहापैकी आठ वेळा बरोबर, तेही सलग तीन बैठकांत आलं, तरच पुढची पायरी. मॅडमच्या कागदांवर प्रत्येक आकड्यापुढं ‘खुणेसह’ किंवा ‘खुणेशिवाय’ असंही लिहिलेलं असायचं. या आकड्यांचा मी एक तक्ता आखला, पण या शब्दांना शेवटचा रकाना लागत होता आणि तो उभ्या पानात बसेना. आमच्या रजिस्टरांत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो आणि तो वर्षानुवर्षं कोराच राहतो. मी तो गाळला. तक्ता कसा देखणा झाला.

खूण म्हणजे गळ्यावर बोट. ‘क’ कुठून येतो हे लक्षात यावं म्हणून मॅडम स्वतःच्या हनुवटीखाली बोट टेकवायच्या, की लेकीचा ‘क’ बरोब्बर निघायचा. घरी आम्ही हे मनापासून उचललं. माझे सासरे निवृत्त सुभेदार. त्यांनी तक्त्याची झेरॉक्स फ्रिजवर चिकटवली आणि सरावाची शिस्त हाती घेतली. सकाळी सात, दुपारी चार, संध्याकाळी सात. लेकीनं तोंड उघडलं की सासऱ्यांचं बोट गळ्यावर. सासूबाई भाकरी थापताना पिठाचं बोट गळ्यावर लावायच्या. भाजी घ्यायला बाहेर पडलो तरी आम्ही तिघंही घसा धरलेले.

तक्ता भराभर वर चढला. आठ, नऊ, नऊ. “सूनबाई, पोरगी लय हुशार हाय,” सासरे म्हणाले, “सहा म्हैन्याचं काम दीड म्हैन्यात. प्रमोशन द्या तिला.” मी ‘वाक्य’ या पायरीवर लाल पेनानं टिक केली. त्यानंतर ‘पाणी’ असं नुसतं म्हटलेलं चालेना. “पूर्ण वाक्यात सांग,” आम्ही म्हणायचो. तिनं “मला पाणी हवंय” म्हटलं की, “छान. आता परत एकदा.” तहानलेल्या पोरीला दोनदा बोलल्याशिवाय पाणी मिळेना.

त्या रविवारी नवऱ्यानं कॉल लावला, तर पडद्यात आम्ही चौघं आणि त्यातले तिघं गळ्याला बोट लावून. “सगळ्यांचे घसे बसलेत का?” त्यानं विचारलं.  लेकीनं माझ्या हातातल्या तक्त्याकडं पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न न विचारताच मोबाइल आजीकडं दिला.

पुढच्या गुरुवारी मी फाइल घेऊन ऐटीत गेले. सासरेही कौतुक बघायला आले होते. मॅडमनी फाइल चाळली, चित्रांची कार्डं काढली. कप, केळं, काकडी, काच. लेकीनं आमच्या गळ्यावरच्या बोटांकडं बघत दहापैकी नऊ बरोबर सांगितली. मग मॅडम म्हणाल्या, “तुम्ही दोघं जरा तिच्या पाठीमागं बसा. आणि हात मांडीवर.” त्यांनीही आपले हात टेबलाखाली घेतले. कार्डं तीच. तप, तेळं, तातडी. दहापैकी तीन. लेक मान वळवून आमचे हात शोधत होती.

“आकड्यांपुढं मी लिहिलं होतं ते कुठं गेलं?” मॅडमनी विचारलं.

“जागा पुरली नाही,” मी म्हणाले.  मला माझाच राग आला, आणि त्याहून जास्त राग त्या देखण्या तक्त्याचा आला.

मॅडमनी ‘वाक्य’ खोडून ‘शब्द, खुणेशिवाय’ लिहिलं. “घरी फक्त जे जमतंय तेच पक्कं करायचं, नवीन काही नाही. पाच मिनिटं, दहा शब्द. खूण हळूहळू कमी करा, आधी दर शब्दाला, मग अधूनमधून, मग बंद. बाकीच्या वेळी चूक काढायची नाही. तिनं ‘तप’ म्हटलं तर ‘हो, कप’ म्हणायचं आणि तिचं पुढचं ऐकायचं. वडिलांच्या फोनवर सराव अजिबात नको.”

बाहेर आल्यावर सासऱ्यांनी तंबाखूची डबी काढली. मग म्हणाले, “म्हंजी प्रमोशन आपलंच चुकलं.” घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं फ्रिजवरचा तक्ता उतरवला. मी आडव्या पानावर नवा आखला, शेऱ्याच्या रकान्यासकट. महिनाभर त्याच पायरीवर होतो. सासऱ्यांचं बोट वर जायला लागलं की ते तंबाखूची डबी घट्ट धरायचे.

एका शनिवारी नवऱ्यानं मला एकटीला सांगितलं की गणपतीची रजाही गेली. लेकीला काय सांगायचं हे आम्ही ठरवलं नाही, म्हणजे नेहमीसारखंच करायचं ठरवलं.

रविवारी फोन आला. फाइल कपाटात होती. लेक पडद्याजवळ गेली. “पप्पा, तू तधी येनार?”

“हो बाळा, जेवलो,” तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याला माझं भाषांतर पाठ झालं होतं.

मी तोंड उघडलं, पण लेक माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं स्वतःचं बोट स्वतःच्या गळ्यावर टेकवलं. थांबली. “क... कधी. कधी येनार?”

 तो हसल्यासारखं करून म्हणाला, “लवकर.”

“असं नाई,” लेक म्हणाली. “पुर्न वात्यात सांद.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासरे डबीकडं बघत बसले. मला अर्थ सांगता आला असता, बदलताही आला असता. मी काही केलं नाही. नवऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं बघून म्हणाला, “मला रजा मिळाली नाही, म्हणून मी गणपतीला येणार नाही.”

लेकीनं नीट ऐकून घेतलं.

“छान,” ती म्हणाली. “आता परत एतदा.”

त्यानं ते परत एकदा सांगितलं.