दुसऱ्यांदा काढलेला स्कॅन

नवरा गेल्यावर महिन्याभराने मी भंडाऱ्यातल्या स्कॅन सेंटरवर परत रुजू झाले. माझं काम स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिण्याचं. माणसांशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं.

त्या दिवशी सिहोऱ्याकडचा एक शेतकरी आला. पाय मोडून तीन आठवडे प्लास्टरमध्ये, कालपासून दम. फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली का, हे इथल्या डॉक्टरांना पाहायचं होतं. सोबत बायको.

"गावचा डाक्टर म्हने गॅस झाला," ती मला सांगत होती. "मी म्हनलं, मांडी एकच सुजली, बोलता बोलता दम लागून राहिला, गॅस कायचा? गाडी केली अन् आनलं."

माझ्या नवऱ्याचाही पाय प्लास्टरमध्ये होता. त्यालाही दम लागला होता. मी त्याला ओव्याचं पाणी दिलं आणि झोप म्हटलं. रोज अशी चित्रं वाचणारी मी.

त्या बाईचा मला इतका हेवा वाटला की मी तिच्याकडे पाहणं टाळलं.

स्कॅन पडद्यावर आला. रक्त स्कॅनमध्ये उजळ दिसावं म्हणून शिरेतून सोडलेलं औषध हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेत पांढरंशुभ्र होतं, पण फुप्फुसाच्या धमन्या मळकट राखाडी. अशा राखाडीत गुठळी असली तरी दिसत नाही. 'गुठळी आढळली नाही' असं लिहायला बोट अधीर झालं. खरं सांगते, क्षणभर मला तसंच हवं होतं. तिचं बरोबर ठरू नये असं.

"मॅडम, काकांनी लई मोठा श्वास घेतला," टेक्निशियन म्हणाला.

मोठ्या श्वासासरशी पोटाकडून बिनऔषधाचं रक्त हृदयात धावून येतं आणि औषध पातळ होतं. हे औषध पुन्हा दिलं तर किडनीवर भार येतो, पण त्याची किडनीची तपासणी ठीक होती. मी म्हटलं, "पुन्हा काढू. श्वास ओढायला लावू नको, आहे तिथे थांबव."

"काका, आता जोर नोका लावू. थांब म्हनलं का थांबा फक्त," टेक्निशियनने त्याला सांगितलं.

या वेळी धमन्या चमकल्या. उजव्या खालच्या भागाकडे जाणाऱ्या धमनीत मधोमध एक काळपट डाग, भोवती पांढरी कड. ती धमनीबाहेरची गाठ तर नाही, शेजारची शीर तर नाही, हे पाहायला मी स्कॅनचा एकेक काप वर-खाली सरकवत गेले. डाग धमनीच्या आतच राहिला आणि धमनी श्वासनलिकेच्या फांदीला सोडत नव्हती; शीर अशी फांदीसोबत चालत नाही. गुठळीच.

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. रक्त पातळ करणारं इंजेक्शन आमच्या सेंटरवरच सुरू झालं.

मग बाहेर जाऊन तिला सांगितलं. "गुठळी आहे. वेळेवर आणलंत."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून आत त्याच्याकडे गेली.

मी दारात उभी राहिले. तो तिला म्हणत होता, "तू काहून रडून राहिली? मी हाय नं."

मी खुर्चीवर परतले आणि रिपोर्ट लिहिला. त्यात 'वेळेवर' हा शब्द लिहायची पद्धत नसते.