आईच्या सहावारीखालचा परकर

माझी आई जन्मभर नऊवारी नेसली. खाडीवरची मासळी घेऊन ती मुलुंडच्या बाजारात बसते आणि काष्ट्याशिवाय तिला चालताच येत नाही. भावाच्या लग्नासाठी मी हौसेनं तिला सहावारी रेशमी साडी आणली, शिवाय आत घालायला चकचकीत साटीनचा परकर. आईचं मन मात्र एकाच गोष्टीत अडकलेलं, मुलाच्या वरातीत नाचण्यात.

"मना यात नाचाला जमंल का गो?" तिनं घाबरतच विचारलं.

"आई, झकास जमेल!" मी म्हटलं.

घरी साडी नेसवून पाहिली. आईनं ठेका धरला, चौथ्या पावलाला सगळ्या निऱ्या सुळकन जमिनीवर. रेशमावर साटीन, दोन्ही निसरडी, धरणार कोण कोणाला? आईनं नाडी आवळली तर कमरेला वळ उठला. "र्‍हाऊ दे, मी बसून बघेन," ती म्हणाली. हौस माझी आणि नाच तिचा जाणार!

साडी पिशवीत घालून तिला तसंच स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये नेलं. दुकानदारीणबाईंनी साडी हातात घेतली आणि लगेच म्हणाल्या, "मावशी, हिच्याखाली सुतीच हवा. साडीला धरून ठेवतो, घामही पितो. पण जाड नको, कंबर फुगेल." रंग ठरवायला त्यांनी आम्हाला फुटपाथवर, उन्हात पाठवलं. आईनं परकर लुगड्यावरूनच चढवला आणि भर दुकानात लांब ढांग टाकली. पहिल्याचा घेर कमी पडला, दुसऱ्याचा पुरला. गिऱ्हाइकं हसायला लागली, पण आईला त्यांची काय पर्वा!

ब्लाउजच्या अस्तरासाठी मी गुळगुळीत, स्वस्त पॉलिस्टर उचललं. आईनं माझ्या बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन त्यावर एक थेंब सोडला. थेंब तसाच वर बसून राहिला. सुती मलमलीवर सोडला, तर क्षणात आत मुरला. "यो घे," ती म्हणाली. आयुष्य ओल्यात काढलेल्या बाईला कापड कोण शिकवणार? बाईंनी बजावलं, "शिवायच्या आधी रात्रभर भिजवा हं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटेल आणि ब्लाउजला चुण्या पडतील." आईनं घरी जाऊन ते आधी बादलीत टाकलं.

लग्न मे महिन्यात, वरात भर दुपारी. बँड सुरू झाला आणि माझी नजर आईच्या निऱ्यांवरच. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. एक निरी हलली नाही! आई बसून उठत होती, गिरक्या घेत होती, पाठ घामानं ओली आणि चेहरा नुसता फुललेला. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. शेवटी बँडवालेच दमून थांबले, तशी आई त्यांच्यावर डाफरली, "थांबलाव कनाला रे?"