छाटलेला निरोप

लवंगेच्या तेलाचा वास आला की माझं तोंड आजही कडू होतं. समता कॉलनीतल्या दवाखान्यात त्याच वासात सहा वर्षं मी दवाखान्याच्या मालक डॉक्टर सरांच्या हाताखाली लोकांचे दात कोरले, आणि मग डॉक्टरकी सोडून गोल बाजारात मसाल्याचं दुकान टाकायचं ठरवलं. तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून मोबाईलवर निरोप लिहायला बसलो. “काहून एवढं खोडून राहिले? प्रेमपत्र आहे का?” बायकोनं टोमणा मारला. होतंच ते! ‘सर, अनामिका शेजारच्या दातावर टेकवली की ड्रिल घसरत नाही, हे तुम्ही शिकवलं. असा हलका हात मी दुसरा पाहिला नाही. आता हा पेशा सोडतोय, आशीर्वाद द्या.’ रात्री निरोप पाठवून झोपलो. सकाळी पाहतो तर सरांच्या स्टेटसवर माझाच निरोप, शेवटची ओळ छाटलेली, आणि खाली दवाखान्याची वेळ! फोन लावला, तर सर खुशीत म्हणाले, “अरे, तू तर चाललाच, मग इतके चांगले शब्द वाया काहून घालवायचे?” हजार किडके दात हुंगले होते मी, पण अशी शिसारी कधी आली नव्हती. आज दुकानात तागडीत लवंगा ओतताना माझी अनामिका आपोआप तिच्या काठावर टेकते आणि एक लवंगही सांडत नाही, याचीच मला सर्वांत जास्त किळस येते.