अठरा हातांचं लुगडं

कापड विकत घेऊन घरी आणलं की मी आधी टेप काढते. चहा नंतर. घरचे हसतात, "झाली हिची मोजणी सुरू" म्हणतात. हसू देत. मोजल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि ही खोड मला कुठून लागली ते मला चांगलं माहीत आहे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि माहेराने त्यांना लुगडं घ्यायचं असतं. माझी एकच आत्या, वडिलांची धाकटी बहीण, धुळ्याच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. उंच, हाडापेराने मोठी. वडील होते तोवर तिचं लुगडं तेच आणत. दुकानात बसून कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा हात मोजत. दोन हातांचा एक वार, नवांचे अठरा. वडीलही उंच, त्यामुळे त्यांच्या मोजण्यात लुगडं नऊ वारांच्या वरच भरायचं.

वडील गेले आणि हे काम आईकडे आलं. तिने ते अंगावरच घेतलं. "भाऊ नही म्हणून तिनं माहेर तुटाले नको," म्हणायची. दरवर्षी जळगावच्या त्याच दुकानात जायची, त्याच पद्धतीने हात लावून अठरा मोजायची, वर ब्लाऊजपीस घ्यायची. पण आत्या आखाजीला यायची ती जुन्यापान्या लुगड्यात. चार-पाच दिवस राहायची, एकदाही आमचं दिलेलं नेसायची नाही. पहिल्या वर्षी आई गप्प बसली. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मात्र तिच्या मनाने घेतलं.

"मन्हं लुगडं तिले आवडस नही. भाऊनं होतं तवय नेसे."

त्यावर मी चिडायची. आत्यावर आणि आईवर, दोघींवर. एवढं लागतं मनाला तर सरळ विचारा की! पण आई विचारायची नाही. नणंदेला असं विचारणं म्हणजे दिलेलं उकरून काढणं, असं तिला वाटायचं. आणि आत्या तर सांगण्यातली नव्हतीच.

सहाव्या वर्षी, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, मी शिवणाच्या क्लासला जाऊ लागले. बाई कडक होत्या. कापड आलं की पहिल्यांदा ते जमिनीवर पसरायचं, सुरकुत्या हाताने सारख्या करायच्या, ओढायचं नाही. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तीन ठिकाणी मोजायचा, दोन टोकांना आणि मध्ये. लांबी काठाच्या कडेने मोजायची. मग दोन्ही टोकं एकावर एक ठेवून कोपरे जुळतात का पाहायचं, म्हणजे कापड तिरकं फाडलेलं असलं तर कळतं. आणि हे सगळं धुण्याआधी. पाण्यात घातलेलं कापड दुकानदार परत घेत नाही, शिवाय सुती लुगड्याची खळ निघाली की ते वीतभर आटतं. नऊ वार म्हणजे तीनशे चोवीस इंच, सव्वाआठ मीटर. हे मी घोकून पाठ केलं होतं.

त्या वर्षीचं लुगडं येऊन कपाटात पडलं होतं. हिरवं, लाल काठाचं. टोकाला शाईचा छाप, नऊ वार. एका दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली होती आणि मला नवीन टेप हातात घेऊन स्वस्थ बसवेना. खोलीभर चटया अंथरल्या आणि लुगडं पसरलं.

पन्हा सेहेचाळीस इंच, तिन्ही ठिकाणी सारखा. ठीक. लांबी भरली दोनशे पंच्याण्णव.

मला वाटलं माझंच चुकलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा टेपची पट्टी उलटी धरली नाही ना ते बघून मोजलं. दोनशे पंच्याण्णवच. एकोणतीस इंच कमी. छापही नऊ म्हणत होता आणि आईचे अठरा हातही नऊ म्हणत होते, मग हे मधले एकोणतीस इंच गेले कुठे?

उत्तर माझ्या डोक्यात आलं आणि मला अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. आई घरी आल्यावर "ब्लाऊजच्या बाहीचं माप घेते" असा बहाणा करून मी तिचा हात लांब करायला लावला आणि कोपरापासून बोटापर्यंत टेप धरली. सोळा इंच आणि वर थोडं, साडेसोळाही नाही. हात अठरा इंचांचा धरतात. आई माझ्या खांद्याला लागायची, तिचा हात अठरा इंच असणार कुठून!

"व्हयनं का माप?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि तोंड फिरवलं.

म्हणजे पाच वर्षं आत्याला आखूड लुगडं जात होतं. एकोणतीस इंच कमी असलेलं लुगडं ठेंगण्या बाईला एखादे वेळी पुरेल, आत्यासारखीचा काष्टा मागे पोचायचा नाही. भाऊ गेला आणि माहेरच्यांनी हात आखडला, असंच तिला वाटलं असणार. माझी झोपच उडाली. आईला सांगावं तर ती कोसळेल, न सांगावं तर हेही वर्ष तसंच जाईल.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या नावाखाली लुगडं पिशवीत घालून दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "ताई, छाप आहे ना त्यावर." मी म्हटलं, छाप राहू द्या, मोजा. त्याने लोखंडी मीटर काढला आणि कापड असं ताणायला लागला की मला राहवलं नाही. "ओढू नका. गादीवर सैल टाका आणि काठाने मोजा." भोवतीच्या बायका बघायला लागल्या. साडेसात मीटर भरलं. तो ओशाळला नाही, मात्र म्हणाला, "वरून असंच येतं ताई. कोणी मोजत नाही." मग आतून दुसरं काढलं, तसंच हिरवं, पन्हा अठ्ठेचाळीस, लांबी सव्वाआठ मीटर पुरी. मी ते दोनदा मोजून घेतलं. ब्लाऊजपीसही त्यातलाच धरलेला नाही, वेगळा आहे, हे पाहून घेतलं. तो ऐंशी सेंटीमीटरचा होता, छत्तीस पन्ह्याचा. माझ्या आईला पुरला असता. कोपरापर्यंत बाही घालणाऱ्या आत्याला मीटरभर हवा. "तो राहू द्या सध्या," मी म्हटलं. एका दिवसात इतकंच भांडण मला झेपलं.

आत्याला आणायला मुऱ्हाळी म्हणून त्या वर्षी मीच गेले. पारोळ्यावरून धुळ्याची एसटी, पुढे दुसरी गाडी. सगळ्या वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. तुला वाटलं असेल की. आईचा हेतू तसा नव्हता की. एकही धड जमेना.

आत्याच्या अंगणात शिरले तर दोरीवर आमचं गेल्या वर्षीचं जांभळं लुगडं वाळत होतं. नेसून नेसून मऊ झालेलं. आणि त्याच्या एका टोकाला हात-दीड हाताचा वेगळाच तुकडा जोडलेला, चॉकलेटी, बारीक टाक्यांचा. तो काठ मी ओळखला. वडिलांनी शेवटच्या आखाजीला आणलेलं लुगडं.

आत्या माझ्या मागे येऊन उभी होती.

"पहिलं साल माले वाटनं, भाऊ गया आनि लुगडंबी आखूड व्हयनं. लई रडनू मी," ती म्हणाली. "मंग आखाजीले तुन्ही माय झोकाना दोर मोजे. हात लाई लाई मोजा, तरी दोर कमी पडना. तवय मी तिना हात देखा. येवढासा हात. तो काय करी?"

त्या वर्षापासून ती आईच्या प्रत्येक लुगड्याला वडिलांच्या लुगड्याचा एक तुकडा जोडत होती. आतल्या टोकाला, पहिल्या वेढ्यात जातो, नेसल्यावर दिसत नाही. घरी, शेतात, लग्नाकार्यात ती आमचंच नेसत होती. फक्त जळगावला नाही. तिथे चार दिवस राहायचं तर लुगडं धुऊन दोरीवर पडणार, आणि जोड आईच्या नजरेला पडणार.

मी रडले. मग सुटल्यासारखं भराभर सांगितलं की यंदाचं मी मोजलंय, पुरे नऊ वार आहे, पन्हाही मोठा आहे, आता काही जोडायला नको. मला वाटलं तिला आनंद होईल. ती ट्रंकेपाशी गेली, वडिलांच्या लुगड्याचा उरलेला भाग बाहेर काढला, तीन-चार वार आणि पदर, आणि तो मांडीवर घेऊन बसली.

"मंग आते हाई कशाले जोडू?"

इतकी मापं घेतली होती मी, हे एक माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी घाईघाईने म्हटलं, "ब्लाऊज शिवू." पुरा मीटर सहज निघत होता, पन्हा भरपूर, कोपरापर्यंतच्या बाह्यासुद्धा. तो कपडा घेऊन आम्ही जळगावला आलो आणि मी दोन दिवस मशीनवर बसले. आईला म्हटलं, आत्याचं जुनं कापड आहे. बाह्या दोनदा उसवल्या.

आखाजीच्या सकाळी आत्या नवं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. काष्टा मागे नीट खोचलेला, अंगात चॉकलेटी ब्लाऊज. आई खापरावर पोळी टाकत होती. आधी ती हरखली. "नेसनी! मन्हं लुगडं नेसनी!" मग तिची नजर बाहीच्या काठावर गेली आणि हातातलं पीठ तसंच राहिलं.

"हाऊ काठ त यासना शे. बाकीनं लुगडं कोठे शे?"

मी डोळ्यांनी आत्याला नको नको म्हणत होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुन्हा लुगडासले जोडं वहिनी. सगळा सालना. तुन्हा हात लहान शे."

आईने आपला पिठाचा हात समोर धरून पाहिला. "मंग माले सांगानं नही का?" ती म्हणाली. "मी मोजी मोजी आनू!"

"म्हनीसन त सांगं नही," आत्या म्हणाली. "सांगं असतं त तू मोजनं सोडी देती."

पोळी करपली. दोघी रडत होत्या आणि मी खापराखालचा जाळ ओढत होते, कारण दुसरं काय करावं मला सुचत नव्हतं.

पुढे आई होती तोवर दर आखाजीआधी आम्ही दोघी त्या दुकानात जायचो. आई हात लावून अठरा मोजायची, शेवटपर्यंत, एकही न गाळता. मग मी टेप काढायची. दुकानदार तोवर थांबायचा.