सत्तेचाळीस टक्के आणि झुंबरबाई

झुंबरबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझा राग लिहावा लागेल, कारण त्या मला रागातच भेटल्या. मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. एकतीस वर्षं झाली. मुलांचे अहवाल कॉपी केलेले आहेत का, हे तपासायचं सॉफ्टवेअर कॉलेजात आलं तेव्हा सगळ्यांनी हात झटकले आणि ते काम माझ्या टेबलावर येऊन पडलं. आधी फक्त पीएचडीचे प्रबंध तपासत होते. जुने अहवाल स्कॅन करून कॉलेजच्या डिजिटल भांडारात टाकायचं कामही माझ्याकडेच होतं, तेही मी केलं. गेल्या वर्षी इंटर्नशिपचे अहवालसुद्धा तपासायचे ठरले. दहा टक्क्यांच्या आत आला तर माझ्या सहीचा दाखला, नाहीतर पुन्हा लिहा.

बिजली पावरा ही फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये तिनं दोन महिने इंटर्नशिप केली. जळगावच्याच एका अन्न तपासणीच्या लॅबमध्ये तिला नोकरी कबूल झाली होती, पण निकाल एक तारखेपर्यंत हातात पाहिजे होता. तिचा अहवाल मी सॉफ्टवेअरला दिला आणि सत्तेचाळीस टक्के आले.

संदर्भयादी आणि अवतरणं वगळून सत्तेचाळीस. मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. जुळलेला मजकूर रंगीत होतो आणि तो कुठं सापडला तेही बाजूला दिसतं. तूर वाळवण्याचं अख्खं प्रकरण लाल होतं, आणि सापडलं होतं आमच्याच कॉलेजच्या सहा जुन्या अहवालांत.

"मॅडम, मी हे अहवाल बघितलेसुद्धा नाहीत," बिजली म्हणाली. "सरांनी सांगितलं, कंपनीच्या मॅन्युअलमधून उतरव. मी तेवढंच केलं."

पोर खोटं बोलत नव्हती. मिलचं छापील मॅन्युअल बाहेर कुठंच नाही, ते मिलच्या कपाटात कुलपात असतं. पण सहा वर्षं दरसाल एकेक मुलगा तिथं गेला, त्यातलंच प्रकरण उतरवून आला आणि आपल्या नावानं बांधून देऊन गेला. म्हणून कपाटातलं मॅन्युअल आमच्या भांडारात सहा वेळा येऊन बसलं. सहाही अहवालांवर मार्गदर्शक म्हणून एकच सही, बिजलीच्याच प्राध्यापक अभिमन सरांची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा पोरांना यानं दोन महिने मिलमध्ये पाठवलं ते काय झेरॉक्स मशीन म्हणून?

चार दिवसांनी बिजली परत आली. सरांनी युक्ती दिली होती, शब्द बदल. आकडा अठ्ठावीसवर आला होता. वाक्यं तीच, क्रम तोच, प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द तेवढे बदललेले. मी तिच्यावर ओरडले. माझं चुकलं, ओरडायचं दुसऱ्या कुणावर तरी होतं. "अगं, हे दोन टक्क्यांवर आणलंस तरी चोरीच आहे," मी म्हणाले. "मशीनला दिसली नाही एवढंच."

"मग मी काय करू ते तरी सांगा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. मला ते आवडलं.

मी तिला मिलचं परवानगीपत्र काढायला लावलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, कागदपत्रं पाहता येतील, प्रत करता येणार नाही, प्रमाणाचे आकडे बाहेर द्यायचे नाहीत. ते पत्र ना तिनं वाचलं होतं, ना सरांनी. मी सांगितलं, मॅन्युअल बंद कर. तुझी रोजची वही उघड. तू काय पाहिलंस, कुणाला काय विचारलंस, ते तुझ्या वाक्यांत लिही. मॅन्युअलमधली एखादी गोष्ट घ्यावीच लागली, तर आपल्या भाषेत सांग आणि तिथल्या तिथे लिही की हे कंपनीच्या अप्रकाशित मॅन्युअलमधलं, परवानगीनं पाहिलेलं. आकडे गाळ. आणि कुणी माणसानं सांगितलं असेल तर त्या माणसाचं नाव, मुलाखत, तारीख.

"माणसाचं पण चालतं?" तिनं विचारलं.

"चालतं नाही, लिहावंच लागतं. त्या माणसाला विचारून."

तिच्या वहीत पानोपानी एकच नाव होतं. झुंबरबाई.

त्या शनिवारी मी बिजलीबरोबर जळगावला गेले. बहिणीकडे जायचं होतं हे खरं, पण राग होता म्हणून गेले हे जास्त खरं. पारोळा, एरंडोल करत एसटी पोचली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मिलच्या मागच्या पटांगणात तूर पसरली होती आणि बायका पायांनी ती वरखाली करत होत्या. डोक्याला निळा पंचा बांधलेली, काटक, साठीच्या पुढची एक बाई मधेच वाकायची, एक दाणा उचलायची आणि दाढेखाली धरायची.

झुंबरबाई मूळच्या धुळे तालुक्यातल्या. चौऱ्याऐंशी साली नवऱ्याबरोबर जळगावला आल्या. नवरा हमाल, त्याची पाठ गेली आणि त्या पटांगणात उतरल्या, त्या आजतागायत. दोन मालक झाले, पाच मॅनेजर झाले. तेल-पाणी लावलेली तूर किती दिवस उन्हात ठेवायची, संध्याकाळी ढीग करून केव्हा झाकायची म्हणजे रात्रभर ऊब धरून सालपट सुटायला लागतं, हे सगळं त्यांना विचारून होतं. दाणा कट् आवाज करून फुटला तर साल काढायच्या रोलरला द्यायचा. दाढेला चिकटला तर अजून एक ऊन. ओलावा मोजायचं यंत्र ऑफिसात आहे, पण मॅनेजर यंत्र लावायच्या आधी पटांगणात येतो. हजेरीपटावर मात्र त्या अजून अकुशल कामगार. हे त्यांनीच मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

बिजलीनं त्यांना सगळं समजावलं, की अक्का, तुमचं नाव लिहू का, चालेल का. बोलता बोलता मॅन्युअलमध्ये काय आहे आणि तुम्ही काय सांगता यात फरक किती, हे बघायला तिनं तिच्या जुन्या अहवालातला तो लाल परिच्छेद मराठीत करून त्यांना सांगितला. झुंबरबाईंचे पाय थांबले.

"हाई ते मीच सांगेल शे," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, त्यांनी हे बिजलीला आधी सांगितलंय असं म्हणतायत. तसं नव्हतं. शहाण्णव साली मालकानं पुण्याहून एक सल्लागार आणला होता. "तीन दिन मन्हापान बशेल व्हता. मी सांगू, तो लिखे. दातखाले दाणा फोडीसन दाखाडा तेले." चौथ्या दिवशी तो गेला आणि महिन्याभरानं मॅन्युअल आलं. वर कंपनीचं नाव, आत सल्लागाराचं नाव. झुंबरबाईंना त्या तीन दिवसांचा चहा मिळाला.

सहा मुलांनी मॅन्युअल चोरलं म्हणून मी आठ दिवस आरडाओरडा करत होते. मॅन्युअल कुणाचं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

बिजलीनं चार रात्रींत प्रकरण नव्यानं लिहिलं. पाहिलेलं, विचारलेलं, स्वतः दाढेखाली दाणा फोडून चुकलेलं, सगळं. मजकुरात सात ठिकाणी कंसात झुंबरबाई उखर्डू पाटील, मुलाखत आणि तारीख. सरांनी तपासून दिलेली प्रत तिनं माझ्याकडे आणली. सहा टक्के. तेही कॉलेजचं नाव, प्रमाणपत्राची ठरीव वाक्यं, असलंच काहीतरी. मी सही करायला पेन काढलं आणि सवयीनं संदर्भ चाळले. झुंबरबाई कुठंच नव्हत्या. सातही ठिकाणी 'कंपनी अधिकाऱ्यांकडून प्राप्त माहिती' असं होतं.

"सर म्हणाले, मजूर बाईचा संदर्भ दिला तर बाहेरचा परीक्षक हसेल," बिजली खाली बघत म्हणाली. "आणि मॅडम, आज सही झाली नाही तर तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात जाईल."

म्हणजे एक तारीख गेली, लॅबची नोकरी गेली. पेन माझ्या हातात होतं. सॉफ्टवेअरनं हिरवा कंदील दिला होता, कुणीही मला विचारलं नसतं. मी पेन बंद केलं.

जुने सहा अहवाल कपाटातून काढले, छातीशी धरले आणि तशीच अभिमन सरांच्या खोलीत गेले. ते डबा खात होते. मी सहाही अहवाल लाल प्रकरणावर उघडून त्यांच्या डब्याभोवती मांडले.

"बाई, सहा टक्के आलेत ना? मग आता काय?" ते म्हणाले.

"आकडा कमी आला म्हणजे तुम्ही धुतल्या तांदळासारखे, असं नाही," मी म्हणाले. "ज्यानं सांगितलं त्याचं नाव पुसायचं, हीसुद्धा चोरीच. ती मशीनला पकडता येत नाही, मला येते. बाईंचं नाव सात ठिकाणी परत घाला. नाहीतर या सहा सह्या घेऊन मी प्राचार्यांकडे जाते, आणि एका मुलीचा निकाल का अडला ते लेखी देते."

"एका अडाणी बाईसाठी एवढं?"

"परीक्षक हसला तर त्याला तूर वाळवायला पाठवा."

सरांनी पोळीचा तुकडा डब्यात टाकला आणि बिजलीला हाक मारली. तासाभरात सात ठिकाणी नाव परत आलं. मी पुन्हा तपासलं. सहाच टक्के. सही केली. बाहेरचा परीक्षक हसला नाही. दाणा कसा ओळखायचा एवढं एकच त्यानं खोदून खोदून विचारलं, आणि बिजलीनं सांगितलं. निकाल अठ्ठावीस तारखेला लागला.

नोकरीवर रुजू व्हायला ती जळगावला निघाली तेव्हा अहवालाची एक बांधलेली प्रत तिनं झुंबरबाईंसाठी घेतली. मीही गेले. पटांगणाच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत आम्ही बसलो. बिजलीनं सातही ठिकाणं एकेक करून दाखवली. झुंबरबाईंना वाचता येत नाही. त्यांनी प्रत्येक ठिकाणी बोट ठेवलं, सातव्या वेळी पान मिटलं आणि प्रत पदरात घेतली.

मग ऑफिसच्या खिडकीकडे मान करून त्यांनी मला विचारलं, "आनि मॅडम, त्या जुना पुस्तकमा मन्हं नाव कवय येई?"

कधी? तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या मॅन्युअलला तपासणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे नव्हतं आणि सही अडवायला ते माझ्या टेबलावर कधी येणारही नव्हतं. झुंबरबाईंनी प्रत पिशवीत ठेवली आणि त्या तूर वरखाली करायला उन्हात गेल्या.