हात न लावलेला तुकडा

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मी एक सेमिनार दिला आणि तो भर सभागृहात साफ आपटला. इतकी वर्षं झाली तरी तो मी अभिमानानेच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं मी नम्रपणा करतेय. नम्रपणा माझ्या अंगात नाही, घरच्यांना विचारा.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, कोंडाणे लेण्यांच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. गावामागचा उतार गावकीच्या मालकीचा. लांबून बघितलं तर उघडाबोडका, गवत आणि गुडघाभर खुंट. त्या उतारावर झाडं लावायला एक कंपनी तयार झाली होती. मे महिन्यात जेसीबी आणून खड्डे खणायचे, पाऊस पडला की रोपं टाकायची. सरपंचबाई हुशार. त्यांनी होकार देण्याआधी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाला विचारलं. आमच्या मॅडमनी ठरवलं की हाच विषय सेमिनारला घ्यायचा. ओसाड जमीन निसर्गावर सोडून द्यावी, ज्याला रिवाइल्डिंग म्हणतात, की माणसाने उतरून ती घडवावी? दोघांनी दोन बाजू मांडायच्या, सरपंचबाई आणि गावकरी ऐकायला येणार, आणि जी बाजू टिकेल तसं पत्र विभाग ग्रामपंचायतीला देणार.

सोडून द्या ही बाजू माझी. मी हट्टानेच मागून घेतली होती, कारण तो उतार मला माझाच वाटायचा. ते खुंट मेलेले नाहीत हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर झाडाच्या फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारावरची ऐनाची झाडं तोडली गेली. वर खुंट राहिला, पण खाली मुळं जिवंत, जुनी, माझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी. जेसीबीने तिथे खड्डे घेतले तर पहिल्यांदा तीच मुळं तुटणार होती. जंगल लावण्यासाठी जंगल उपटणं, असं मी म्हणायचे, आणि म्हणताना मला फार बरं वाटायचं.

समोरच्या बाजूला माझा वर्गमित्र. खालापूरचा, घरची रोपवाटिका, वडील आणि चुलते दोघं त्यातच. आम्ही त्याला नर्सरीवालाच म्हणायचो आणि तो मला जंगली म्हणायचा. त्याने खालापुराकडच्या एका सोडून दिलेल्या मुरमाच्या खाणीत काम केलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. वरची माती गेली, मुळं गेली, बी उरलं नाही, तर निसर्ग यायचा कुठून? तिथे त्याने दगडी बांध घातले, माती अडवली, करंज आणि खैर लावले. शेजारचा तसाच सोडलेला भाग अजून तव्यासारखा होता. फोटो बघून मलाही मान्य करावं लागलं, मनातल्या मनात.

माझा पुरावा म्हणजे उतारावरचा एक तुकडा, आमच्या घराच्या राबाच्या वाट्याचा. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी त्याचे चार कोपरे दगडांना चुना लावून आखले. घरी आणि शेजारी बजावून सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही, राब तोडायचा नाही, गुरं सोडायची नाहीत, मला अभ्यास करायचाय. मग दर दोन-तीन महिन्यांनी शनिवारी घरी आले की टेप घेऊन वर जायचे. खुंट मोजायचे, प्रत्येकावरच्या सगळ्यात उंच फुटव्याची उंची घ्यायचे. दोन हिवाळ्यांत फुटवे माझ्या खांद्याला लागले. करवंदाची जाळी आली, धामणीचं झाड आलं, एका खडकाच्या फटीत उदमांजराच्या विष्ठेतून पडलेलं बी रुजलं. मी हवेत होते.

सेमिनारच्या दिवशी आई आली. सरपंचबाईंनी बचत गटाच्या बायकांना टेंपोत घालून आणलं होतं, त्यात ती. ठेवणीतलं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसली. मी तिला विषय कधी नीट सांगितला नव्हता, नुसतं ‘आपल्या डोंगरावर बोलणार हाय’ एवढंच.

मी छान बोलले. खोटं कशाला सांगू, फारच छान बोलले. माझा तुकडा, त्याच्या शेजारी तसाच तुटत राहिलेला भाग, आणि पलीकडे काही वर्षांपूर्वी खड्डे खणून लावलेली गिरिपुष्पाची रोपं, तिन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. शेवटी दोन निरीक्षणं मुद्दाम राखून ठेवली होती. पहिलं असं, की दर खुंटावर सुरुवातीला आठ-दहा फुटवे होते, ते आपोआप दोन-तीनवर आले आणि तेच उंच झाले, म्हणजे झाड स्वतःच कमजोर फुटवे सोडून देतं. दुसरं, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत वणवा आला तेव्हा गिरिपुष्पाचं रोपवन जळलं, पण माझा तुकडा वाचला. तुकड्यातल्या नव्या सावलीने ओल धरून ठेवली, असं मी जाहीर करून टाकलं.

नर्सरीवाला उठला. तो हसत नव्हता, म्हणजे प्रश्न खरा होता.

“तुझ्या फोटोत खुंटाला फुटवे गळाल्याच्या जागी मातीसारखं काहीतरी दिसतंय. ते काय?”

“वाळवीचा थर,” मी म्हटलं. “मेलेल्या फुटव्यावर वाळवी येते.”

“आणि वणवा एका सरळ रेषेत थांबला? ओल असती तर कडा वाकडीतिकडी असती ना?”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. “वालवी कसली गं? शेन हाय ते.”

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. आई उभी राहिली नव्हती, बसूनच बोलत होती, घरात बोलते तशी.

मॅडम म्हणाल्या, “काकू, नीट सांगा ना. शेण कुणी लावलं?”

“मीच. धा फुटवं ठेवलं तर एकबी धड वाढत नाय. दोन जोरदार ठेवायचं, बाकीचं कोयत्यानं बुडातून काढायचं. कापल्या जागी शेन लावलं की पानी मुरत नाय. घराला वासं लागतात तवा आमी असंच करतो.”

“आणि वणवा?”

“वनवा दरसाल येतो. आमी तिघी जावांनी दिवालीनंतर कडंनं गवत कापून पट्टा साफ केला, वाटंएवढा. तिची मेहनत जलायला नको.” मग माझ्याकडे बघून जरा ओशाळून म्हणाली, “तू बोल्लीस हात लावायचा नाय. म्हून तुला सांगितलं नाय.”

सभागृह हसलं. मी त्या साफ पट्ट्यावरून दोन वर्षं चालत होते आणि माझ्या वहीत त्याची नोंद ‘गुरांची वाट’ अशी होती. पदव्युत्तर विद्यार्थिनी, शेतकऱ्याच्या घरातली, आणि शेण ओळखता आलं नाही. माझा सोडून दिलेला तुकडा गावातला सगळ्यात जास्त हात फिरलेला तुकडा निघाला. माझ्या बाजूचा पुरावा समोरच्या बाजूचा झाला होता, तोही माझ्या आईच्या तोंडून.

पहिली भावना रागाची होती, ते कबूल करते. पत्र आता खड्ड्यांच्या बाजूने जाणार, उतारावर जेसीबी चढणार, आणि हे सगळं घरच्या लाडामुळे. पण आई मागे बसून नुसतं माझ्याकडे बघत होती, आपलं काही चुकलं का ते शोधत. तिला बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग माइकवर गेले. “माझी मांडणी चुकली,” मी म्हटलं. “हा तुकडा मोकळा सोडलेला नव्हता. त्यामुळे सोडून दिलं की जमीन सुधारते, हे माझ्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण या तुकड्यात एकही खड्डा नाही, विकत आणलेलं एकही रोप नाही. जी मुळं जिवंत होती त्यांनाच वर यायला मदत झाली. तोड थांबली, गुरं थांबली, आग अडली, फुटवे विरळ झाले. मुळं जिवंत असतील तिथे एवढंच काम लागतं.”

मॅडमनी नर्सरीवाल्याकडे बघितलं. तो संधी साधेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “माझ्या खाणीत मुळंच नाहीत, तिथे लावावं लागणारच. पण यांच्या उतारावर मी असतो तर खड्डा घेतला नसता. आमच्या रोपवाटिकेचं नुकसान झालं तरी नसता घेतला.” त्याच्या वडिलांना ते वाक्य कळलं तेव्हा घरी काय झालं ते तो अजून सांगत नाही.

सरपंचबाईंनी विचारलं, “म्हंजे खड्डं नकोत?”

“नकोत,” आम्ही दोघंही म्हणालो. मॅडमनी तसंच पत्र देते म्हणून सांगितलं. कंपनीला पैसे घालायचेच असतील तर वणव्याचा पट्टा कापणाऱ्या बायकांच्या मजुरीला घालावेत, हे नर्सरीवाल्याने वर जोडलं. मला संशोधन-पद्धतीच्या रकान्यात फार कमी गुण पडले, आणि ते बरोबरच होतं.

सगळे उठायला लागले तेव्हा आई पहिल्यांदाच उभी राहिली.

“मंग बाय, एक इचारू? तुज्या तुकड्यातलं दोन वर्सं तोडलं नाय म्हून राबाला मी पलीकडच्या डोंगराव जाते. अख्खा उतार राखायचा तर आता समद्याच जाणार. अजून किती वर्सं जायाचं?”

मी दोन्ही हिवाळ्यांत टेप घेऊन घरी गेले होते. ती संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन यायची, मी अंगणात बसून आकडे लिहीत असायचे. ती कुठून येते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पलीकडच्या डोंगराचं काय होतंय, हेही मी कधी मोजलं नव्हतं, आणि तेही मी तिथेच सांगितलं. विरळणीत निघालेल्या फांद्या राबाला वाटून घेता येतील, पण त्या पुरणार नाहीत, हेही सांगितलं.

“निदान पाच वर्षं, आई.”

तिने शेजारच्या दोन जावांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या.

“पाच व्हय? जाऊ की,” ती म्हणाली, आणि चपला शोधायला खाली वाकली.